फोल्डर कुणाला दाखवायचा, कुणाला बदलू द्यायचा आणि लिंक बंद कधी करायची

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. नव्या हंगामाची चाळीस डिझाइनं तयार होत आहेत. जकार्डची डिझाइनं काढणारा माणूस कारखान्यात नोकरीला नाही, तो आपल्या घरी बसून काम करतो आणि फाइली पाठवतो. मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याला त्यातली बारा डिझाइनं दाखवायची आहेत. आणि या सगळ्याच्या शेजारीच कॉस्टिंगचा तक्ता पडलेला आहे. सुताचा भाव, रंगाई, मजुरी, आपला नफा असं सगळं त्यात आहे. डिझाइनं गूगल ड्राइव्हवर, तक्ताही गूगल ड्राइव्हवर, आणि सगळ्यांशी बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होतं, ते सांगतो. फोल्डरवर उजवी टिचकी मारून Share उघडतात, Anyone with the link निवडतात, समोर कुणाला तरी काही भरायचं असतं म्हणून Editor करून टाकतात आणि तीच लिंक डिझाइनरला, व्यापाऱ्याला, लेबल छापणाऱ्याला, सगळ्यांना जाते. काम चालू होतं, त्यामुळे काही चुकलंय असं वाटत नाही. पण दिवाळी उलटून जाते, व्यापाऱ्याचा सौदा होतो किंवा मोडतो, डिझाइनर दुसऱ्या कारखान्याचं काम घेतो, आणि ती लिंक मात्र तशीच उघडी राहते. व्यापाऱ्याने ती आपल्या माणसाला पाठवलेली असते, त्या माणसाने आणखी कुणाला. पुढच्या हंगामाची डिझाइनं त्याच फोल्डरमध्ये टाकली, की तीही या सगळ्यांना त्याच क्षणी दिसायला लागतात.

शेअर केलेला फोल्डर म्हणजे पाठवलेलं पाकीट नव्हे, हे आधी मनात पक्कं करायला हवं. तो जिवंत असतो. आज त्यात जे आहे ते दिसतं, आणि उद्या जे टाकाल तेही दिसतं. म्हणून फोल्डर शेअर करताना तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी द्यावी लागतात: आत कोण येणार, आल्यावर काय करू शकणार, आणि किती दिवस. पहिल्या दोन प्रश्नांचे पर्याय ड्राइव्ह समोर मांडतं. तिसरा प्रश्न ते आपणहून विचारत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

बघणारा आणि बदलणारा

गूगल ड्राइव्हवर फोल्डरसाठी Viewer, Commenter आणि Editor अशा तीन भूमिका आहेत. Commenter गूगलच्या स्वतःच्या कागदपत्रांवर शेरे लिहायला उपयोगी आहे. टॉवेलच्या डिझाइनच्या फोल्डरसाठी तो बाजूला ठेवू.

Viewer फाइली उघडून बघतो. त्याला नाव बदलता येत नाही, नवी फाइल टाकता येत नाही, काही काढता येत नाही. पण नुसतं बघायला दिलं म्हणजे वस्तू आपल्याकडेच राहिली, हा समज चुकीचा आहे. Viewer ला फाइल उतरवून घेता येते, छापता येते, तिची प्रत करून आपल्या ड्राइव्हमध्ये ठेवता येते. हे थांबवायची सोय आहे: फाइलच्या शेअर खिडकीत वरच्या बाजूला गिअरचं चिन्ह असतं, तिथे बघणाऱ्यांना उतरवणं, छापणं आणि प्रत करणं दिसावं की नाही याची खूण असते, ती काढून टाकायची. तरीही पडद्याचा फोटो कुणीही काढू शकतो. म्हणून व्यापाऱ्याला दाखवायच्या फोल्डरमध्ये मूळ बीएमपी फाइल कधीच ठेवू नये, कारण ती थेट जकार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊ शकते. कमी रेझोल्यूशनची, वर कारखान्याचं नाव आडवं छापलेली जेपीजी ठेवावी. त्याला रंग आणि नक्षी बघायची असते, ती त्यात पुरेशी दिसते. माझ्या मते उतरवण्याची खूण काढण्यापेक्षा हा बंदोबस्त जास्त भरवशाचा आहे.

Editor बद्दल जरा सावकाश बोलायला हवं, कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा त्याच्या हातात बरंच जास्त जातं. फोल्डरचा Editor त्यात फाइली टाकतो, नावं बदलतो, फाइली इकडून तिकडे हलवतो, फोल्डरमधून काढतो. इतकंच नाही, तो आपल्या मर्जीने आणखी लोकांना आत घेऊ शकतो आणि बंद असलेला फोल्डर सगळ्यांसाठी उघडाही करू शकतो. मूळ मालकाने काही केलं नाही तर हा अधिकार त्याला आपोआप मिळतो. तो काढून घ्यायला फोल्डरच्या शेअर खिडकीतल्या गिअरमध्ये जाऊन Editors can change permissions and share ही खूण काढावी लागते. Editor करताना हे पाऊल सोडलं, तर नंतर कुणाकुणाला लिंक गेली याचा हिशेब तुमच्या हातात राहत नाही.

आता फाइलच्या मालकीचं बघू. साध्या, घरगुती खात्याच्या ड्राइव्हवर फोल्डर तुमचा असला तरी त्यात डिझाइनरने टाकलेली फाइल डिझाइनरच्या मालकीची असते. जागाही त्याच्याच खात्यातली जाते, म्हणजे फुकट खात्याच्या १५ जीबीतली, जी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो मिळून असते. याचे दोन परिणाम होतात. त्याने स्वतःची फाइल कचऱ्यात टाकली तर ती तुमच्या फोल्डरमधूनही जाते, आणि ३० दिवसांनी कायमची. आणि तुम्ही त्याचा Editor अधिकार काढून घेतलात, तरी त्याने टाकलेल्या फाइलींचा मालक तोच राहतो. त्या त्याला दिसतच राहतात, कारण त्या त्याच्या आहेत. पैसे चुकते करून काम संपवताना ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर पैसे देऊन काढून घेतलेली डिझाइनं सहा महिन्यांनी फोल्डरमधून नाहीशी झालेली दिसतील, आणि त्यात डिझाइनरची काही वाईट बुद्धी असेलच असं नाही. त्याची जागा भरली असेल आणि त्याने जुनं काम साफ केलं असेल, एवढंच.

यावर उपाय साधा आहे. फाइल पसंत झाली की तिच्यावर उजवी टिचकी मारून Make a copy करायचं. प्रत करणारा तो तिचा मालक. ही प्रत लगेच आपल्या बंद फोल्डरमध्ये हलवायची. शेवटच्या दिवशी सगळ्या फाइली एकदम करण्यापेक्षा पसंतीच्या दिवशीच एकेक करावी, म्हणजे कुठली प्रत शेवटची हा गोंधळ होत नाही.

उलट प्रकारही घडतो. फाइल तुमच्या मालकीची आहे आणि Editor ने ती चुकून फोल्डरमधून काढली. अशी फाइल नष्ट होत नाही, ती नुसती कुठल्याच फोल्डरमध्ये न राहता निसटते. ड्राइव्हच्या शोधपट्टीत हे लिहिलं की निसटलेल्या फाइली सापडतात:

```
is:unorganized owner:me
```

आणि कुणी तुमच्या जेपीजीवर किंवा पीडीएफवर नवी आवृत्ती चढवली असेल, तर त्या फाइलच्या आवृत्त्यांच्या यादीत जुनी मिळते. पण ती ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या यांपैकी जे आधी होईल तोवरच. महत्त्वाची आवृत्ती असेल तर त्याच यादीत तिला Keep forever करून ठेवा.

मुदत लिंकला लागते की माणसाला?

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की लिंक तयार करताना तिच्यावर तारीख टाकायची, आणि त्या तारखेला ती बंद पडायची. काही सेवांमध्ये हे खरंच असंच आहे. गूगल ड्राइव्हवर तसं नाही, आणि सोलापुरात बहुतेकांचं काम गूगल ड्राइव्हवरच चालतं, म्हणून फरक नीट समजून घेऊ.

गूगल ड्राइव्हच्या फोल्डरची लिंक म्हणजे घराचा पत्ता आहे, तर मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर तयार केलेली लिंक म्हणजे किल्ली आहे. गूगलच्या फोल्डरला एकच कायमचा पत्ता असतो. folders या शब्दानंतर येणारी अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ म्हणजे त्या फोल्डरची ओळख. तुम्ही Copy link कितीही वेळा दाबा, ती ओळ तीच राहते. दार उघडं आहे की बंद, ते शेअर खिडकीत खाली General access मध्ये ठरतं: Restricted किंवा Anyone with the link. वनड्राइव्हवर मात्र एकाच फोल्डरच्या अनेक लिंका करता येतात. एक नुसती बघायची, दुसरी बदलायची, आणि प्रत्येकीला आपापली मुदत. एक लिंक पुसली तरी दुसरी चालू राहते.

यातून गूगलच्या बाबतीत एक गोष्ट निघते, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. समजा मार्चमध्ये तुम्ही फोल्डर Anyone with the link केला, व्यापाऱ्याला लिंक दिली, आणि महिनाअखेरीस पुन्हा Restricted केला. दार बंद झालं, बरोबर. मग ऑगस्टमध्ये चाटी गल्लीतल्या एका दुकानदाराला काही दाखवायचं म्हणून तोच फोल्डर पुन्हा Anyone with the link केला. त्या क्षणी मार्चमधली जुनी लिंकही परत चालू होते, कारण ती वेगळी लिंक नव्हतीच, पत्ता तोच होता. व्हॉट्सअ‍ॅपवर पाच महिन्यांपूर्वी ती जिथे जिथे गेली होती, तिथून कुणीही टिचकी मारली तर आत येईल. म्हणून गूगल ड्राइव्हवर नियम असा ठेवा: एका गिऱ्हाइकाला एक फोल्डर, आणि बंद केलेला फोल्डर दुसऱ्या कुणासाठी पुन्हा उघडायचा नाही. नवा फोल्डर करायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि नव्या फोल्डरचा पत्ता नवा असतो.

मग गूगलवर मुदत कुठे लागते? ती लागते माणसाच्या नावाला. शेअर खिडकीत व्यापाऱ्याचा ई-मेल पत्ता टाकून त्याला Viewer करायचं आणि जतन करायचं. मग तीच खिडकी पुन्हा उघडून त्याच्या नावापुढच्या छोट्या बाणावर टिचकी मारली, की यादीत Add expiration दिसतं. तिथे तारीख निवडायची. ती आजपासून एका वर्षाच्या आतली असावी लागते. ठरलेल्या वेळी त्याचं नाव आपोआप निघून जातं, तुम्हाला काही करावं लागत नाही.

पण ही सोय पात्र कार्यालयीन किंवा शाळा-कॉलेजच्या खात्यांनाच आहे. फुकटच्या जीमेल खात्यात त्या बाणाखाली Add expiration दिसणार नाही. पैशांचं खातं असूनही एखाद्या भूमिकेपुढे ते दिसलं नाही, तर त्या योजनेत किंवा त्या भूमिकेसाठी ती सोय नाही एवढं समजायचं आणि हाताने बंद करायची तयारी ठेवायची. आणि Anyone with the link वर गूगल कुठल्याही खात्यात तारीख लावू देत नाही. अनोळखी माणसांसाठी उघडलेलं दार तुम्हीच जाऊन बंद करायचं.

वनड्राइव्हवर मुदत लिंकलाच लागते. फोल्डर निवडून Share, मग लिंकच्या सेटिंगमध्ये जायचं, कुणाला चालेल ते ठरवायचं, Can view किंवा Can edit निवडायचं, आणि तिथेच मुदतीची तारीख भरायची. शेजारी पासवर्ड लावायचीही सोय असते. घरगुती वनड्राइव्हवर तारीख आणि पासवर्ड या दोन्ही गोष्टी मायक्रोसॉफ्ट ३६५ चे पैसे भरणाऱ्यांनाच मिळतात. कंपनीच्या खात्यात व्यवस्थापकाने कमाल दिवस ठरवून दिलेले असू शकतात, म्हणून तुम्ही निवडलेली लांबची तारीख तिथे घेतली गेली नाही तर गोंधळून जाऊ नका. दिलेल्या लिंका पुढे Manage access मध्ये दिसतात आणि तिथूनच पुसता येतात. ड्रॉपबॉक्सवरही लिंकला तारीख लागते, पण वरच्या, पैशांच्या योजनांमध्ये.

फुकट जीमेल वापरणाऱ्या कारखान्याने मग काय करायचं? मला विचाराल तर मुदतीसाठी लगेच पैसे भरायची गरज नाही. दोन गोष्टी पाळल्या तरी काम भागतं. एक, शक्य तिथे लिंक सगळ्यांसाठी न उघडता माणसाच्या ई-मेल पत्त्याने शेअर करा, कारण नावाने दिलेला प्रवेश दुसऱ्याला लिंक पाठवून पुढे जात नाही. दोन, शेअर केलं त्याच मिनिटाला फोनच्या कॅलेंडरमध्ये बंद करायच्या तारखेची आठवण लावा, आणि त्या नोंदीत फोल्डरची लिंकही चिकटवा. आठवण वाजली की लिंकवर टिचकी, Share, आणि त्या माणसाच्या नावापुढे Remove access. कॅलेंडरमध्ये लिंक नसेल तर "नंतर करू" म्हणून ते राहून जातं.

टॉवेलच्या कारखान्याचं काम, तारखांसह

आता सुरुवातीचा कारखाना घेऊ आणि सगळं नीट लावून बघू. कारखान्याकडे पात्र कार्यालयीन खातं आहे असं धरू. जिथे घरगुती खातं असेल तिथे मुदतीच्या जागी कॅलेंडरची आठवण वाचा. फाइलीच्या मालकीबद्दल वर जे सांगितलं ते तसंच लागू आहे, कारण फोल्डर मालकाच्या My Drive मध्येच आहे.

मूळ फोल्डरचं नाव "टॉवेल उन्हाळा". तो कुणालाच शेअर करायचा नाही, कारण वरच्या फोल्डरचा प्रवेश खालच्या सगळ्या फोल्डरमध्ये उतरतो. त्याच्या आत तीन फोल्डर. "डिझाइन काम" यात डिझाइनर फाइली टाकणार. "मुंबई दाखवायचे" यात बारा जेपीजी. "कॉस्टिंग" यात तक्ता, आणि तो फक्त मालक आणि घरातली माणसं बघणार. ही विभागणी सगळ्यात आधी करावी. एकदा सगळं एका फोल्डरमध्ये टाकून तो शेअर केला, की नंतर आतली एखादी फाइल लपवत बसणं फार किचकट होतं.

२ मार्चला "डिझाइन काम" डिझाइनरच्या ई-मेलने Editor म्हणून शेअर होतो. त्याच बैठकीत गिअरमधली Editors can change permissions and share ही खूण काढली जाते. General access तपासून ते Restricted आहे याची खात्री होते. डिझाइनं ३१ मार्चपर्यंत द्यायची ठरली आहेत, पण दुरुस्त्या निघतातच, म्हणून बंद करायची तारीख १५ एप्रिल ठेवली जाते. काम जेवढ्या दिवसांचं तेवढीच मुदत ठेवली, तर शेवटच्या दुरुस्तीच्या वेळी दार बंद आणि फोनाफोनी, असं होतं.

१० मार्चला "मुंबई दाखवायचे" व्यापाऱ्याकडे जायचा आहे. त्याचा माणूस फोनवर म्हणतो, "शेट, आमच्याकडे चौघंजण बघणार, प्रत्येकाचा ई-मेल कुठं देत बसू? लिंकच टाका." ही खरी अडचण आहे, आणि इथे दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. चौघांचे पत्ते मिळत असतील तर चौघांना Viewer, प्रत्येकाच्या नावापुढे २४ मार्चची मुदत. मिळत नसतील तर Anyone with the link, पण Viewer, आणि फोल्डरमध्ये फक्त त्या बारा जेपीजी. या दुसऱ्या मार्गात गूगल मुदत लावत नाही, म्हणून २४ मार्चच्या संध्याकाळची आठवण कॅलेंडरमध्ये लगेच. व्यापाऱ्याने २० तारखेला कळवतो म्हटलंय, त्यावर चार दिवस जादा ठेवले आहेत.

लिंक पाठवताना मेसेजमध्ये मुदत स्पष्ट लिहावी: "लिंक २४ मार्चपर्यंत उघडेल, पुढे बघायची झाल्यास फोन करा." हे लिहिलं नाही तर २५ तारखेला समोरच्याला You need access असं पान दिसतं आणि त्याला वाटतं की आपल्याला मुद्दाम बाहेर काढलं. त्या पानावर प्रवेश मागायचं बटण असतं. ते दाबलं की मालकाला मेल येतो. अशा मेलवर घाईघाईत मंजुरी देऊ नये. मागणाऱ्याचा पत्ता ओळखीचा आहे का ते बघावं, आणि भूमिका Viewer च आहे का तेही बघावं.

पाठवण्याआधी एक तपासणी मी कधीच चुकवत नाही. क्रोम ब्राउझरमध्ये Ctrl + Shift + N दाबून गुप्त खिडकी उघडायची आणि लिंक तिथे चिकटवायची. तिथे तुम्ही कुठल्याच खात्यात नसता, म्हणजे रस्त्यावरचा माणूस जे बघेल तेच तुम्हाला दिसतं. साइन-इन न मागता फोल्डर उघडला तर तो सगळ्यांसाठी उघडा आहे. साइन-इन मागितलं तर तो नावाने दिलेल्या लोकांपुरता आहे. तुमच्या नेहमीच्या खिडकीत ही तपासणी होत नाही, कारण मालकाला सगळंच उघडतं.

१५ एप्रिलच्या आधी, म्हणजे १२-१३ तारखेला, "डिझाइन काम" मधल्या सगळ्या पसंत फाइलींच्या आपल्या मालकीच्या प्रती झाल्या आहेत का ते बघायचं. फाइल निवडून उजवीकडच्या तपशिलाच्या पट्टीत Owner समोर कुणाचं नाव आहे ते दिसतं. तिथे डिझाइनरचं नाव असेल तर ती प्रत अजून व्हायची आहे. त्यानंतरच दार बंद होऊ द्यायचं.

मुदत संपली, तरी उघडतंय

ही तक्रार बऱ्याचदा ऐकू येते, आणि ती ऐकली की लोक म्हणतात की गूगलची मुदत चालतच नाही. मुदत चालते. माणूस दुसऱ्या दाराने आत आलेला असतो.

बहुतेक वेळा नावावर मुदत लावलेली असते, पण खाली General access मध्ये Anyone with the link तसंच राहिलेलं असतं. नाव निघून गेलं तरी लिंक सगळ्यांसाठी उघडी आहे, म्हणजे त्यालाही उघडी आहे. मुदत लावताना खालची ओळ Restricted केली नाही, तर वरची तारीख नुसती शोभेला राहते.

दुसरं कारण वरचा फोल्डर. "मुंबई दाखवायचे" ची मुदत संपली, पण कधीतरी घाईत "टॉवेल उन्हाळा" हा मूळ फोल्डरच त्या व्यापाऱ्याच्या माणसाला दिला गेला होता. प्रवेश वरून खाली उतरतो, त्यामुळे खालची मुदत संपूनही त्याला दिसत राहतं. याचा पत्ता लावायला खालच्या फोल्डरची शेअर खिडकी उघडा. मुदत संपायला हवी होती ते नाव तिथे अजून असेल, तर एकेक पायरी वर जाऊन प्रत्येक फोल्डरची यादी बघा. जिथे ते नाव पहिल्यांदा दिलं गेलं, तिथूनच ते काढावं लागतं.

तिसरं कारण एकटी फाइल. फोल्डर बंद झाला, पण त्यातली एक जेपीजी कुणीतरी वेगळी शेअर केली होती. फाइलचा स्वतःचा प्रवेश फोल्डर बंद झाल्यावरही टिकतो. कुठल्या फाइलवर असं झालंय हे शोधायला फोल्डरमधल्या फाइलींकडे नजर टाका. शेअर झालेल्या फाइलच्या नावाशेजारी दोन माणसांचं छोटं चिन्ह दिसतं. बंद, कुणालाही न दिलेल्या फोल्डरमध्ये ते चिन्ह असलेली फाइल म्हणजे उघडं राहिलेलं दार.

आणि चौथं कारण म्हणजे ते ड्राइव्हच नव्हे. त्याने मुदतीच्या आत फाइल उतरवून घेतली होती, आणि आता तो आपल्या फोनमधली प्रत बघतो आहे. मुदत ही इथून पुढे आत यायला बंदी करते. आधीच बाहेर गेलेली वस्तू ती परत आणत नाही. हा मामला ओळखायला त्याला स्क्रीनचा फोटो मागा. वर ब्राउझरचा पत्ता किंवा ड्राइव्हचं अ‍ॅप दिसत नसेल आणि नुसता फोनच्या गॅलरीतला फोटो असेल, तर ड्राइव्हमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. म्हणूनच त्या बारा जेपीजी कमी रेझोल्यूशनच्या आणि नाव छापलेल्या ठेवल्या होत्या.

२५ मार्चला सकाळी गुप्त खिडकीत ती लिंक चिकटवून बघायची. साइन-इनचं पान आलं की मुंबईचा विषय संपला. व्यापाऱ्याने चार डिझाइनं पसंत करून रंग बदलून मागितले असतील, तर त्यासाठी "मुंबई रंग बदल" असा नवा फोल्डर, त्यात फक्त ती चार, नवी लिंक, आणि नवी तारीख.